डोंबिवली ते दादर, एक भाग

"लोकलमध्ये बघायला काहीतरी सुचव ना, छोटे भाग असलेलं," असं ऑफिसात कुणी म्हटलं की चहा संपायच्या आत पाच नावं जमतात. आठवड्याने विचारा, पहिला भागही पुरा झालेला नसतो. मालिका वाईट नसते. सुचवणाऱ्याने ती रात्री घरी, पाय पसरून, दिवा मालवून पाहिलेली असते. बघणारा मात्र एका हाताने वरची कडी धरून, पाठीवरची सॅक पोटावर घेऊन, कुणाच्या तरी कोपरापासून चष्मा वाचवत उभा असतो. या दोघांना एकच मालिका चालेल, हे गृहीतच मुळात चुकीचं आहे.

गर्दीच्या गाडीसाठी मालिका निवडताना लोक भागाची लांबी बघतात. ते बरोबरच आहे, पण पुरेसं नाही. आपल्या प्रवासात अखंड मिनिटं किती मिळतात, हे आधी मोजावं लागतं. मग त्या मिनिटांत डोळ्यांना किती काम जमेल आणि कानांना किती, हे बघावं लागतं. या दोन गोष्टी कळल्या की यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात.

मध्य रेल्वेची सकाळची एक फास्ट घेऊ. डोंबिवली ते दादर साधारण पंचेचाळीस मिनिटं. वाटतं, एक लांब भाग किंवा दोन छोटे भाग आरामात होतील. प्रत्यक्षात काय होतं? डोंबिवलीला चढल्यावर पहिली काही मिनिटं पाय कुठे ठेवायचे आणि बॅग कुठे सरकवायची यातच जातात. वर गेलेला हात खाली आणायला जागा नसते. काही फास्ट गाड्या दिव्यालाही थांबतात, तिथे आणखी माणसं आत येतात. फोन बाहेर निघतो तो दिवा सुटल्यावर, म्हणजे सहा-सात मिनिटं गेल्यावर. तिथून ठाण्यापर्यंत दहाएक मिनिटं मिळतात. ठाण्याला पुन्हा सगळा डबा हलतो. कुणी उतरतं, त्याहून जास्त चढतात. ज्याने आधीच "तुम्ही कुठे उतरणार?" असं विचारून ठेवलेलं असतं, त्याला इथे जागा मिळते, निदान फोर्थ सीट तरी. मग घाटकोपर, कुर्ला. दादरला उतरायचं असेल तर कुर्ला गेल्यावर दाराकडे सरकायला हवं, नाहीतर थेट भायखळा. म्हणजे ठाणे ते कुर्ला या टप्प्यात पंधराएक मिनिटं हातात येतात.

पंचेचाळीसची झाली पंचवीस, आणि तीही दोन तुकड्यांत: आधी दहा, नंतर पंधरा. ज्याचा प्रवास सीएसएमटीपर्यंत आहे त्याला दादरनंतर चौदा-पंधरा मिनिटं रिकाम्या डब्यात मिळतात, ती वेगळी चैन. पश्चिम रेल्वेवर बोरिवलीकराचं गणित अंधेरीभोवती फिरेल, पनवेलकराचं वाशीभोवती. स्टेशनांची नावं बदलतात, रीत तीच. गाडी कुठे भरते, कुठे ढवळली जाते आणि आपल्याला दाराकडे कधी निघावं लागतं, या तीन जागा खुणावल्या की उरलेली मिनिटं दिसतात. ही मोजणी एकदाच करायची आहे.

आता या दहा आणि पंधरात काय बसतं? पंचवीस मिनिटांचा भाग बसतो हे उघड आहे. पण तो दहाव्या मिनिटाच्या आसपास तोडता आला पाहिजे. भाग ऐन भांडणात किंवा पाठलागात थांबला आणि पाच मिनिटांनी पुन्हा सुरू झाला की मजा जाते. म्हणून भागाची लांबी जितकी महत्त्वाची, तितकेच त्याच्या आतले सांधेही.

हे सांधे जुन्या टीव्हीला फुकटात मिळाले होते. अमेरिकन टीव्हीवरच्या अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेत प्रत्यक्ष मजकूर साधारण २२ मिनिटांचा असे, उरलेला वेळ जाहिरातींचा. लेखकाला ठाऊक असे की अमुक मिनिटाला प्रेक्षक आपल्यापासून तोडला जाणार आहे. मग त्याआधी एक छोटा प्रसंग पुरा करायचा, आणि परत आल्यावर पहिल्या दोन वाक्यांत कोण कुठे आहे ते सांगून टाकायचं. 'फ्रेंड्स' किंवा 'ब्रुकलिन नाइन-नाइन'चा भाग गाडीत सहज तुटतो आणि सहज जोडला जातो, तो यामुळे. आपल्याकडची 'साराभाई व्हर्सेस साराभाई' याच घडणीची. मराठीत 'श्रीयुत गंगाधर टिपरे' घ्या. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वर बेतलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००१ साली तेव्हाच्या अल्फा टीव्ही मराठीवर सुरू झाली. मुळातच रोजनिशी, त्यामुळे प्रत्येक भागात घरातली एक नवी भानगड. मागचा भाग बघितला नसेल तरी काही अडत नाही.

ओटीटीवर जाहिरातींचा हा धाक गेला आणि त्याबरोबर मापही गेलं. 'पंचायत' सगळ्यांना आवडते, मलाही आवडते. पण तिचे काही भाग अर्ध्या तासाच्या आत संपतात आणि काही त्याहून बरेच लांबतात. फुलेरा गावाचं सुख त्या संथपणातच आहे: सचिवजी गप्प बसलेत, पंखा फिरतोय, कुणी काही बोलत नाही. घरी ते छान वाटतं. कुर्ल्याला दाराकडे सरकताना तीच शांतता म्हणजे हेडफोन बंद पडल्याची शंका. म्हणून मालिकेच्या पानावर सरासरी लांबी वाचून समाधान मानू नका. भागांची यादी उघडून प्रत्येकासमोर लिहिलेली मिनिटं बघा. शेवटचा भाग बहुधा सर्वांत लांब असतो, तो सुट्टीच्या दिवसासाठी ठेवावा.

प्रवाशासाठी गोष्ट कशी बांधावी, हा विचार फोनच्या फार आधीचा आहे. आर्थर कॉनन डॉइलने १८९१ मध्ये 'स्ट्रँड' मासिकासाठी शेरलॉक होम्सच्या कथा लिहायला घेतल्या, तेव्हा त्याचा हिशेब साधा होता. क्रमशः कादंबरीचा एक अंक चुकला की वाचक तुटतो, आणि सुट्या कथांमधून वाचकाला पुढच्या अंकाची ओढ राहत नाही. मधला मार्ग असा की माणूस तोच ठेवायचा, कथा मात्र प्रत्येक अंकात पुरी करायची. गर्दीच्या गाडीतल्या मालिकेलाही हेच लागू पडतं. माणसं ओळखीची हवीत, म्हणजे दर वेळी नव्याने ओळख करून घ्यावी लागत नाही. गोष्ट मात्र त्या भागात संपावी, कारण उद्या दादर आल्यावर काय झालं होतं हे लक्षात राहीलच असं नाही.

दुसरा मुद्दा डोळ्यांचा आणि कानांचा. उभ्या प्रवासात डोळे सलग पाच मिनिटंही पडद्यावर नसतात. मान वळते, कुणी हलतं, कुठलं स्टेशन आलं ते बघावं लागतं. त्यामुळे जी मालिका कानांनी कळते ती टिकते. जिची गोष्ट हावभावांत, नजरेत, मागे घडणाऱ्या हालचालीत आहे, ती इथे वाया जाते. तपासायची सोपी रीत आहे. घरी पहिला भाग लावा, पाचव्या मिनिटापर्यंत बघा, मग फोन टेबलावर पालथा ठेवा आणि तीन मिनिटं नुसतं ऐका. कोण कुणाशी बोलतंय आणि त्याला काय हवंय, हे कळलं तर मालिका पास. नुसतं पार्श्वसंगीत आणि दार आपटल्याचा आवाज ऐकू आला, तर ती घरच्या पडद्यासाठी ठेवा.

या परीक्षेत परभाषेतल्या मालिका सगळ्यात आधी गारद होतात. 'मिडनाइट डायनर' ही टोकियोतल्या रात्रीच्या छोट्या खानावळीची जपानी मालिका घडणीने अगदी हवी तशी आहे. पंचवीस मिनिटं, दर भागात नवं गिऱ्हाईक, नवी गोष्ट, मालक तोच. पण जपानी येत नसेल तर सबटायटल वाचावी लागतात, आणि नजर हलली की वाक्य गेलं. बसायला जागा मिळणाऱ्याने ती जरूर बघावी, उभ्याने नको. दुसरी अडचण अंधाराची. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा रात्रीच्या लढाईचा भाग २०१९ मध्ये आला, तेव्हा घरच्या मोठ्या टीव्हीवरही काही दिसत नाही म्हणून जगभर ओरड झाली होती. सकाळचं ऊन खिडकीच्या गजांमधून पडद्यावर पट्ट्या पाडत असताना असली दृश्यं म्हणजे काळ्या आरशात स्वतःचा चेहरा बघणं. गुन्ह्याच्या आणि भुताखेतांच्या मालिका इथेच मार खातात.

आवाजाचंही एक आहे. ज्या मालिकेत पात्रं कुजबुजतात आणि मध्येच स्फोट होतो, ती गाडीच्या खडखडाटात त्रासदायक ठरते. कुजबुज ऐकायला आवाज वाढवावा आणि स्फोटाला कान बधिर व्हावेत. दैनंदिन मराठी मालिकांना आपण कितीही नावं ठेवली, तरी त्या या कसोटीला पुरून उरतात. त्या मुळात स्वयंपाक करता करता ऐकायच्याच असतात. प्रत्येक गोष्ट दोनदा बोलून दाखवली जाते, आवाज एका पट्टीत राहतो, सुरुवातीला कालचा गोषवारा असतो आणि भाग बावीसएक मिनिटांत आटोपतो. लेडीज डब्यात सकाळी रात्रीचा भाग बघणाऱ्या बायका दिसतात, त्यांनी निवडीचं हे शास्त्र कुणालाही न विचारता सोडवलेलं आहे. मराठी समीक्षेने ज्या पाल्हाळाला इतकी वर्षं झोडपलं, तो डब्यात कामाला येतो.

आता एक निवड शेवटपर्यंत करून बघू. डोंबिवली ते दादर, उभा प्रवास, दहा अधिक पंधरा मिनिटं. मी 'गुल्लक' घेते. सोनी लिव्हवरची ही हिंदी मालिका २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२४ पर्यंत तिचे चार सीझन आले. प्रत्येकात पाचच भाग. उत्तरेतल्या एका गावातलं मिश्रा कुटुंब, आई, वडील, दोन मुलगे, आणि गोष्ट सांगणारा आवाज घरातल्या पैसे साठवायच्या गुल्लकचा. तो आवाज मधूनमधून येऊन काय चाललंय ते सांगतो, म्हणजे सांधेही मिळतात आणि हरवलेला धागाही सापडतो. आईचं काम गीतांजली कुलकर्णी करतात. आई, वडील, थोरला, धाकटा आणि आगंतुक शेजारीण, पाचही आवाज इतके वेगळे आहेत की फोन पालथा ठेवूनही गोंधळ होत नाही. बहुतेक प्रसंग घरात, उजेडात. भाग अर्ध्या तासाच्या आतबाहेर. सुरुवातीची नावं आणि शेवटची श्रेयनामावली वगळली की आपल्या पंचविसात बसतो, फार तर शेवटची दोन मिनिटं संध्याकाळसाठी उरतात. वीस भाग, रोज सकाळी एक, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याने चार आठवडे सुटले.

मराठीत हेच मोजमाप लावलं तर 'आणि काय हवं' हाती लागते. २०१९ ची, वरुण नार्वेकर यांनी दिग्दर्शित केलेली, प्रिया बापट आणि उमेश कामत यांची. जुई आणि साकेत हे नवराबायको आणि त्यांच्या घरातले छोटे प्रसंग, वीसएक मिनिटांचे भाग, तीन सीझन. जवळजवळ सगळी गोष्ट दोघांच्या बोलण्यात आहे. तिच्या शेजारी 'समांतर' ठेवून बघा. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ही मालिकाही छोट्या भागांची, त्यामुळे शिफारशींच्या यादीत ती हमखास असते. पण तिची वीण रहस्याची आहे. एक तपशील निसटला तर पुढचा भाग अधांतरी वाटतो, आणि प्रत्येक भाग अशा जागी संपतो की पुढचा लावल्याशिवाय राहवत नाही. वाईट मालिका नव्हे, पण बसून बघायची. दादरला उतरायचंय त्या माणसाच्या हातात रहस्य देणं धोक्याचं.

हा धोका सगळ्यात जास्त आहे तो उभ्या पडद्याच्या, एक-दोन मिनिटांच्या भागांच्या मालिकांत. चीनमध्ये हा प्रकार जोरात चालला आणि आता आपल्याकडेही त्याची ॲप आली आहेत. गाडीसाठी त्यांची एक गोष्ट खरोखर सोयीची आहे. फोन उभाच धरायचा असल्यामुळे एका हाताने, अंगठ्याने काम भागतं. आडवा फोन एका हातात धरून कडीला लटकणं ही कसरत आहे, आणि धक्का बसला की तो निसटतो. पण या मालिकेतला एक भाग म्हणजे गोष्ट नव्हे, तो एका लांब गोष्टीचा मिनिटभराचा काप असतो. पन्नास-शंभर काप मिळून एक सिनेमा होतो, आणि प्रत्येक काप ऐन झापड मारण्याच्या क्षणी थांबतो. थांबायची जागाच नाही. पहिले काही भाग फुकट, मग पैसे. काही ॲपवर रुपया-दोन रुपयांच्या चाचणीबरोबर दरमहा पैसे कापण्याची परवानगी घेतली जाते. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाचा विभाग असतो, तिथे ती दिसते आणि तिथूनच रद्दही करता येते. मिनिटभराचे भाग आहेत म्हणजे गाडीसाठी उत्तम, हा समज या प्रकाराने सर्वांत जास्त पसरवला, आणि तो खरा नाही.

भाग छोटे केले की प्रवासी येतील, या समजुतीवर याआधी एक मोठी कंपनी बुडाली आहे. जेफ्री कॅट्झेनबर्ग आणि मेग व्हिटमन यांनी अमेरिकेत क्विबी नावाची सेवा काढली. तिच्यासाठी सुमारे पावणेदोन अब्ज डॉलर उभे केले होते. सगळं फोनसाठी, प्रत्येक भाग दहा मिनिटांच्या आत. फोन उभा धरा की आडवा, चित्र त्याप्रमाणे जुळवून घेई. ६ एप्रिल २०२० ला ती सुरू झाली, म्हणजे प्रवास करणारं जग घरात बसलेलं असताना. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंद पडली. दोष टाळेबंदीला देता येतो, पण तो तेवढ्यावर संपत नाही. तिच्या अनेक मालिका म्हणजे लांब चित्रपटांचे दहा-दहा मिनिटांचे काप होते, आणि घरी बसलेल्या माणसाला ते टीव्हीवर लावण्याची सोयही सुरुवातीला नव्हती. मुळातच दहा मिनिटांची म्हणून लिहिलेली गोष्ट कशी असते, ते बघायचं तर 'स्टेट ऑफ द युनियन' बघावी. निक हॉर्नबी यांनी लिहिलेली, २०१९ ची. लग्न मोडकळीला आलेलं एक जोडपं दर आठवड्याला समुपदेशकाकडे जाण्याआधी पबमध्ये भेटतं आणि बोलतं. दहा भाग, प्रत्येक दहा मिनिटांचा, आणि आतमध्ये संवादाशिवाय जवळजवळ काही नाही. दिवा ते ठाणे या टप्प्यात एक भाग पुरा होतो. इंग्रजी बोलणं कानाला सवयीचं हवं, एवढीच अट.

शेजाऱ्याचा विचारही करावाच लागतो. गर्दीत आपला पडदा आपला नसतो. मागचा माणूस खांद्यावरून बघतो, बाजूची मुलगी नाइलाजाने बघते. 'लव्ह, डेथ अँड रोबोट्स'चे भाग छोटे आणि एकमेकांपासून सुटे, म्हणून यादीत ते नेहमी असतात. पण त्यांतल्या काही भागांत नग्नता आणि रक्तपात एवढा आहे की डब्यात फोन छातीशी दाबून धरायची वेळ येते. भागाच्या पानावर वयाची खूण आणि कारण लिहिलेलं असतं, ते वाचायला दोन सेकंद लागतात. आवाजाबद्दल तर बोलायला नको. बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाइलवर मोठ्याने ऐकण्या-बघण्यावर बंदी घातली. तरीही मागच्या सीटवरून रीलचं हसणं ऐकू येतंच.

हेडफोन घातला तरी एक कान मोकळा ठेवावा, कारण स्टेशनची उद्घोषणा, मागून येणारं "उतरायचंय का?" आणि पुढे सरकण्याचा रेटा हे सगळं कानानेच कळतं. पण स्टिरिओ आवाजात काही संवाद एकाच बाजूला जास्त येतात, मग एक कान काढला की अर्धं वाक्य हरवतं. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली 'मोनो ऑडिओ' म्हणून पर्याय असतो. तो चालू केला की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन प्रत्येक कानात पूर्ण येतो. ही सोय एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे, लोकलकरांनाही ती लागू पडते. बिनवायरचे इअरबड गर्दीत कोपर लागून पडतात आणि पायांखालून परत मिळत नाहीत. वायरचे दुसऱ्याच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकतात. दोन्हींत मी वायर पसंत करते, निदान कानातून निघाला तरी गळ्यात राहतो. आणि दारात उभं असताना फोन खिशात. रुळांकडेला काठी घेऊन उभी असणारी फटका गँग गाडी हळू झाली की हातावर फटका मारते आणि फोन खाली पाडते. फोन उचलायला म्हणून वाकून किंवा उडी मारून लोकांनी हातपाय गमावले आहेत.

निवड झाली तरी भाग फोनमध्ये उतरवून ठेवलेला नसेल तर सगळं व्यर्थ. एका गाडीत हजारो फोन असतात आणि ते सगळे एकाच वेळी एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सरकत असतात. ऐन गर्दीत चित्र थांबतं ते त्यामुळे. म्हणून रात्री घरच्या वाय-फायवर डाउनलोड करावं. दर्जा वरचा घ्यायची गरज नाही. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन, जो डिसेंबर २०२१ मध्ये १९९ वरून १४९ रुपयांवर आला, तो ४८०पी चित्र देतो. हलत्या गाडीत सहा इंचांच्या पडद्यावर त्याहून बारीक तपशील डोळ्यांना कळत नाही. सबटायटलची अक्षरं ॲप वेगळी काढतं, त्यामुळे चित्र साधं असलं तरी ती स्पष्टच राहतात. एक बारीक गोष्ट मात्र त्रास देते. उतरवलेल्या काही भागांची मुदत एकदा बघायला सुरुवात केली की ४८ तासांत संपते. शुक्रवारी संध्याकाळी अर्धा बघितला आणि सोमवारी सकाळी पुढे बघू म्हटलं, तर तो दिव्याला उघडत नाही. शुक्रवारी नवा भाग सुरू करू नये, किंवा रविवारी रात्री फोन विमान मोडमध्ये टाकून भाग चालतो का ते बघून घ्यावं. डब्यात कुणाचं बोट लागून चित्र पुढेमागे होऊ नये म्हणून बहुतेक ॲपमध्ये पडदा लॉक करायचं बटण असतं, तेही शोधून ठेवा.

बसमध्ये हेच गणित थोडं बदलतं. ट्रॅफिकमध्ये बस उभी असते, त्यामुळे अखंड मिनिटं लोकलपेक्षा जास्त मिळतात. पण ब्रेक, वळणं आणि खड्डे यांत आतला कान सांगतो की शरीर हलतंय, आणि पडद्यावर खिळलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या विसंवादातून मळमळ सुरू होते. रुळांवरच्या गाडीत ती क्वचित होते, बसमध्ये पुष्कळांना होते. जांभया येणं, तोंडाला पाणी सुटणं, कपाळावर गार घाम ही तिची सुरुवात. तेव्हा भाग थांबवायची गरज नाही, नजर वर उचलून समोरच्या रस्त्याकडे बघावं आणि नुसतं ऐकत राहावं. कानांनी कळणारी मालिका निवडली असेल तर हे जमतं. पुण्यात पीएमपीच्या मागच्या सीटवर, जिथे हिसके सर्वांत जास्त बसतात, तिथे सबटायटल वाचायचा हट्ट धरू नये.

संध्याकाळची गाडी मात्र वेगळी. सीएसएमटीहून निघणाऱ्याला, थोडं आधी पोहोचलं तर, बसायला मिळतं. डोंबिवलीपर्यंत तासभर सलग, दाराकडे सरकायची घाई शेवटच्या पाच मिनिटांत. सकाळी बाजूला ठेवलेली 'समांतर' आणि 'मिडनाइट डायनर' इथे बघाव्यात. डोकं थकलेलं असल्याने दोन भागांनंतर डोळे मिटतात, म्हणून पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर झोपेत तीन भाग पुढे जातात आणि उद्या कुठून बघायचं ते सापडत नाही.

फोनमध्ये एक लांबलचक सिनेमाही उतरवून ठेवावा, शक्यतो आधी पाहिलेला. जुलैमध्ये पाणी भरून कुर्ला-सायनच्या मध्ये गाडी उभी राहते तेव्हा पंचवीस मिनिटांचं सगळं गणित कोलमडतं, नेट चालत नाही आणि छोटे भाग तासाभरात संपतात. त्या दिवशी आवाज कमी ठेवा, पडद्याचा उजेड निम्मा करा, आणि घरी फोन करण्यापुरती तीस टक्के बॅटरी राखून सिनेमा बंद करा.